बँकेतून बोलतोय म्हणणारा फोन: आजी-आजोबांसाठी केलेल्या व्हिडिओच्या स्क्रिप्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी मी एका चार मिनिटांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहिली. दाखवल्यावर दरवेळी लोक तेच तेच प्रश्न विचारतात, काहीजण कार्यक्रम संपल्यावर बाजूला घेऊन हळूच विचारतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली. स्क्रिप्टमधले तुकडेही दिलेत, तुमच्या सोसायटीत किंवा गावात वापरायचे असतील तर खुशाल वापरा.

व्हिडिओत एकाच प्रकारचा फोन का दाखवलाय? फसवणुकीचे तर शंभर प्रकार आहेत

पहिल्या मसुद्यात मी लॉटरी, वीजबिल, कुरिअर, डिजिटल अरेस्ट सगळं कोंबलं होतं. दोन-तीन आज्यांना वाचून दाखवलं आणि मग विचारलं काय लक्षात राहिलं, तर म्हणाल्या "फोन घ्यायचाच नाही". आता हे काही खरं नाही ना, फोन तर घ्यावाच लागतो, दवाखान्यातून येतो, नातवाचा येतो. म्हणून मग फक्त एकच ठेवला, "तुमची केवायसी संपली आहे, आज खातं बंद होईल" म्हणणारा. पेन्शन ज्या खात्यात येते तेच बंद होणार म्हटलं की माणसाच्या पोटात गोळाच येतो आणि पुढचं सगळं त्या गोळ्यामुळे घडतं. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याचं कारण सांगून असाच फोन येतो, नाटक तेच, फक्त पहिलं वाक्य वेगळं.

खोटा फोन ओळखायचा कसा? एका वाक्यात सांगा

कोण बोलतोय ते ओळखायच्या भानगडीत पडू नका, तो काय मागतोय तेवढंच बघा.

आवाज, भाषा, नंबर, नाव, हुद्दा हे सगळं खोटं करता येतं. पण त्याला शेवटी तुमच्याकडून काहीतरी हवंच असतं, त्याशिवाय पैसे निघत नाहीत. मेसेजमध्ये आलेला नंबर, पिन, कार्डाच्या मागचे तीन आकडे, नेटबँकिंगचा पासवर्ड, नाहीतर "मी पाठवतो ते ॲप टाका". यातलं एकही बँक फोनवर मागत नाही. त्यामुळे मागणी कानावर पडली की फोन ठेवायचा, बोलणारा खरा वाटला तरी. स्क्रिप्टमध्ये हे वाक्य तीनदा येतं आणि ते मी मुद्दाम केलंय:

"माणूस कोण ते बघू नका. काय मागतोय ते बघा."

पण त्याला माझं पूर्ण नाव माहीत होतं, कार्डाचे शेवटचे चार आकडेसुद्धा. मग खोटा कसा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि फसलेल्या जवळपास प्रत्येकाने मला हेच सांगितलंय. आपण किती ठिकाणी नाव, नंबर, जन्मतारीख देत असतो आठवून बघा. दुकानात बिलासाठी मोबाईल नंबर, लकी ड्रॉची कुपनं, आधारची झेरॉक्स, ऑनलाईन खरेदी. अशा याद्या चोरीला जातात, विकल्या जातात. कार्डाचे शेवटचे चार आकडे तर पावतीवरही छापलेले असतात, ते काही गुपित नाहीत.

त्याला चार आकडे माहीत असतात आणि उरलेले बारा हवे असतात. म्हणून तो आधी स्वतःला माहीत असलेलं सांगतो, तुमचा विश्वास बसतो, आणि मग "बाकीचे आकडे तुम्ही सांगा, मी व्हेरिफाय करतो" म्हणतो. आता विचार करा, खात्री करून घ्यायची वेळ कोणाची? फोन त्याने केलाय, तुम्ही नाही.

केवायसी तर खरंच संपते ना? मग तो खोटं काय बोलला?

संपते, बरोबर आहे, आणि म्हणूनच हा फोन खरा वाटतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला ग्राहकाची माहिती ठरावीक काळाने पुन्हा तपासावी लागते, ज्यात धोका जास्त समजला जातो त्या खात्याची दोन वर्षांनी, मधल्यांची आठ वर्षांनी आणि कमी धोक्याच्या खात्यांची दहा वर्षांनी.

पण ती एका दुपारी अचानक संपत नाही. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने या नियमात बदल केला, त्यात म्हटलंय की मुदत संपण्याआधी बँकेने ग्राहकाला किमान तीन वेळा कळवायचं आणि त्यातलं एकदा तरी पत्राने. मुदत उलटून गेली तर पुन्हा तीन आठवणी, त्यातही एक पत्र. म्हणजे पोस्टाने घरी कागद यायला हवा. "आज संध्याकाळी पाचपर्यंत" असं फोनवर सांगणं हे त्या रीतीत कुठेच बसत नाही.

आणि समजा खरोखरच केवायसी राहिली आणि बँकेने व्यवहार थांबवले, तरी पैसे कुठे जात नाहीत. आधार, पॅन घेऊन शाखेत गेलं, फॉर्म भरला की खातं पुन्हा सुरू होतं. पत्ता वगैरे काहीच बदललेलं नसेल तर साधं स्वतःचं लेखी निवेदनही चालतं. हे कळलं की पोटातला गोळा निम्मा कमी होतो, म्हणून हा भाग कितीही लांबला तरी व्हिडिओतून काढू नका.

व्हिडिओतली काकूंची गोष्ट खरी आहे का?

माझ्या मावशीची आहे. तिच्या परवानगीने लिहिलीये, बँकेचं नाव मात्र देत नाही कारण बँकेचा यात काही संबंधच नव्हता, फोन करणाऱ्याने फक्त नाव वापरलं.

दुपारी दोन-सव्वादोनची वेळ, घरात एकटी, जेवून आडवी झाली होती. फोन आला, स्वच्छ मराठी, अगदी मृदू आवाज, "नमस्कार काकू, जेवण झालं का, दोनच मिनिटं घेतो". तिला वाटलं किती चांगला मुलगा आहे. केवायसी संपली म्हणाला, मावशी म्हणाली उद्या शाखेत येते, तर म्हणाला "काकू एवढ्या उन्हात कशाला येताय, मी घरबसल्या करून देतो". बघा, धमकी एकदाच दिली आणि मग सगळी काळजीच काळजी.

व्हॉट्सॲपवर एक फाईल आली, बँकेचं बोधचिन्ह होतं, नाव होतं KYC_Update.apk. दाबल्यावर फोनने विचारलं की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, टाकायचं का, त्यावर तो म्हणाला "हो, बँकेचं नवीन आहे म्हणून तसं येतं, हो म्हणा". मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, ती दिली. मग बँकेसारखंच दिसणारं पान उघडलं, त्यात कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरले. आणि दहा रुपये भरा, खातं चालू आहे का ते तपासायला. ओटीपी तिने कोणालाच सांगितला नव्हता, तरी तेवढ्यात आधी ४९,००० गेले आणि चार-पाच मिनिटांनी आणखी ४८,५००. तो अजून लाईनवरच होता, "सर्व्हर स्लो आहे काकू, फोन ठेवू नका" म्हणत होता.

फोन ठेवू नका, हे वाक्य लक्षात ठेवा. फोन ठेवला असता तर तिने मला लावला असता.

संध्याकाळी साडेपाचला मी पोचलो तेव्हा ती देवासमोर बसून होती, काही सांगेना. सात वाजता सांगितलं. १९३० ला लावला, बँकेला कळवलं, पहिले पैसे तोवर तीन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले, दुसऱ्या रकमेतले ३१,००० एका खात्यात अडकवता आले, ते काही महिन्यांनी परत मिळाले. दुपारी अडीचला कळवलं असतं तर किती वाचले असते याचा हिशोब ती अजून करते, आणि मला ते बघवत नाही.

तिने ओटीपी कोणालाच सांगितला नाही म्हणता, मग पैसे गेले कसे?

बऱ्याच जणांना वाटतं की ओटीपी तोंडाने सांगितला नाही म्हणजे आपण सुरक्षित. त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली होती ना, त्यामुळे बँकेचा मेसेज आला की ॲप तो वाचून परस्पर त्याला पाठवत होतं. मावशीने मेसेज पाहिलासुद्धा नाही. काही ॲप तर टाकल्यावर स्क्रीनवर दिसतही नाहीत, लपून बसतात.

दुसरा रस्ता म्हणजे स्क्रीन दाखवणारं ॲप. ते नेहमीच्या ॲपच्या दुकानातही मिळतं, दुरून कॉम्प्युटर दुरुस्त करायला लोक खरोखर वापरतात, त्यामुळे ॲप वाईट नाही पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून टाकलं की तुमच्या फोनवर जे जे दिसतं ते त्याला दिसतं. एनीडेस्क नावाच्या अशाच ॲपचा चोर वापर करतायत असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच दिला होता. आयफोनवर ती .apk फाईल चालत नाही, तिथे बहुतेक हाच रस्ता वापरतात.

म्हणून स्क्रिप्टमध्ये ओटीपी सांगू नका एवढंच ठेवून चालत नाही. आम्ही असं म्हटलंय: "फोनवर बोलणाऱ्याने पाठवलेलं ॲप म्हणजे आपल्या घराची किल्ली आपणच त्याच्या हातात देणं."

मुख्य सीन जसाच्या तसा द्याल का?

देतो. काकूंचं काम कोणीही करू द्या, पण फोनवाल्याचा आवाज गोड ठेवा. आम्ही आधी तुटक हिंदी बोलणारा, गुरकावणारा माणूस घेतला होता, ते चुकलं, कारण बघणाऱ्यांना वाटलं की गोड बोलणारा म्हणजे खरा.

फोनवाला: नमस्कार काकू, बँकेच्या मेन ऑफिसमधून बोलतोय. तुमची केवायसी आज संपतेय.

काकू: अगं बाई. मग?

फोनवाला: काही काळजी करू नका, मी आहे ना. व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवलीये, तेवढी दाबा.

(काकू थांबतात. फोन कानावरून खाली घेतात, भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे बघतात.)

काकू: मी शाखेत येऊन करते.

फोनवाला: काकू, मग खातं बंद होईल, पेन्शन अडकेल, परत चार्ज लागेल...

काकू: चालेल. ठेवते.

इथे सीन संपतो. काकू त्याच्याशी भांडत नाहीत, त्याला उघडं पाडत नाहीत, हुशारी दाखवत नाहीत. काही जणांनी सुचवलं की काकूंनी त्याला चांगलं सुनवावं, टाळ्या पडतील, पण मी ते घेतलं नाही. बोलत राहिलं की तो पुढचं कारण काढतो, त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, दिवसभर तो तेच करतो. आणि "चालेल" हा शब्द महत्त्वाचा आहे, खातं बंद झालं तरी चालेल असं एकदा म्हणता आलं की त्याच्या हातात काही उरत नाही.

असा फोन कट करणं उद्धटपणा नाही का? आणि खरंच बँकेचाच असला तर?

आपल्या पिढ्यांना समोरचा बोलत असताना फोन ठेवायची सवय नाही, हे मला मान्य आहे. म्हणून तर काकूंना "ठेवते" हे वाक्य दिलंय, तेवढं म्हटलं की बास. खरा बँकेचा माणूस असेल तर त्याला याचं काही वाटणार नाही, शाखेत येते म्हटलं की तो "बरं या" म्हणेल. शाखेत येऊ नका म्हणून जो गयावया करतो तो बँकेचा नाही.

१६०० ने सुरू होणारा नंबर असेल तर तो बँकेचाच असतो असं ऐकलंय?

थोडं खरं आहे. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की ग्राहकांना कामासाठी फोन करताना १६०० ने सुरू होणारे नंबर वापरा आणि जाहिरातीसाठी १४० ने सुरू होणारे. त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून "बँकेतून बोलतोय" असं कोणी म्हटलं तर लगेच सावध व्हा. पण उलटं धरून चालू नका, १६०० दिसलं म्हणून पिन सांगितला असं होऊ देऊ नका, कारण स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटा दाखवायच्या युक्त्या आहेत. व्हॉट्सॲपवर बँकेचं चिन्ह लावलेला फोटो तर कोणीही लावू शकतो. शेवटी पुन्हा तेच, काय मागतोय ते बघा.

मग बँकेचा खरा नंबर कुठून घ्यायचा? गुगलवर शोधू?

नाही, गुगलवर शोधू नका, तिथे कस्टमर केअरच्या नावाखाली चोरांचेच नंबर टाकलेले असतात आणि मग तुम्ही स्वतःहून त्यांना फोन करता. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकवर असतो. वेबसाईट बघायचीच असेल तर आता बँकांचे पत्ते .bank.in ने संपतात, रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तसं करायला सांगितलं होतं, शेवटी ते आहे का बघा.

मावशीच्या घरी आम्ही हे केलंय: जाड मार्करने एका कागदावर शाखेचा नंबर, कार्डामागचा नंबर, माझा नंबर आणि १९३०, एवढे चारच लिहिले आणि फोन चार्ज करायच्या जागेच्या वर चिकटवले. व्हिडिओत काकू ज्या कागदाकडे बघतात तो हाच. घाबरलेल्या माणसाला फोनमध्ये नंबर शोधता येत नाही, भिंतीवरचा दिसतो.

चूक झाली, ॲप टाकलं किंवा ओटीपी दिला. आता पहिलं काय करायचं?

ॲप टाकलं असेल तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा, विमानाचं चिन्ह असतं ते दाबलं तरी चालेल. मग दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून, शेजारच्यांचा घ्या, बँकेला लावून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा आणि लगोलग १९३० लावा. ही सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे. तिथे कळवलं की पैसे ज्या खात्यात गेलेत त्या बँकेला निरोप जातो आणि तिथे रक्कम शिल्लक असेल तर ती अडवतात. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची. जवळ ठेवायचं ते म्हणजे बँकेचा पैसे गेल्याचा मेसेज, त्यात रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर असतो. तो मेसेज घाबरून डिलीट करू नका, मावशीने जवळजवळ केलाच होता.

नंतर cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करायची, हे घरातल्या कोणीतरी बसून करा. आणि तो फोन पुन्हा वापरायच्या आधी माहितगाराकडून पूर्ण रीसेट करून घ्या, नुसतं ॲप काढून भागेलच असं नाही. नवीन पासवर्ड त्या फोनवरून ठेवू नका.

गेलेले पैसे बँक भरून देते का?

इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की गुप्त माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तुम्ही कधी कळवलंत ती वेळच सगळं ठरवते. म्हणून बँकेला कळवलं की तक्रारीचा नंबर मागून वहीत वेळेसकट लिहून ठेवा. बँकेची चूक असेल किंवा तुम्ही काहीही न देता परस्पर पैसे गेले असतील आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे ग्राहकावर भार नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी लागत नाही.

पैसे परत मिळवून देतो असा फोन आलाय, घेऊ का?

नको. मावशीलाही आला, दोन आठवड्यांनी, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फाईल चार्ज २,५०० भरा". एकदा फसलेल्यांची नावंही विकली जातात. पैसे परत द्यायला पैसे कोणी मागत नाही.

स्क्रिप्ट आमच्या भागासाठी बदलली तर चालेल का?

बदलाच. आमच्याकडच्या काकू विदर्भात नेल्या तर तिथल्यासारख्या बोलू द्या. फक्त तीन गोष्टी सांभाळा. शब्द सोपे ठेवा, म्हणजे ओटीपी म्हणून झालं की लगेच "मेसेजमध्ये आलेला नंबर" असं म्हणा, क्रेडेन्शियल वगैरे तर नकोच. वाचायचा वेग हळू, मी मिनिटाला नव्वदएक शब्द धरले आणि प्रत्येक मुख्य वाक्यानंतर दोन सेकंद गप्प. कानाचं मशीन लावणाऱ्यांना मागून वाजणारं संगीत सगळ्यात जास्त त्रास देतं, म्हणून ते आम्ही पूर्ण काढून टाकलं. आणि १९३० हा नंबर स्क्रीनवर किमान दहा सेकंद राहू द्या, लोक चष्मा शोधतात, मग पेन शोधतात, मग लिहितात.

आईबाबांना हे सांगितलं की ते चिडतात, "आम्हाला काय कळत नाही का" म्हणतात. काय करू?

तुम्ही सांगू नका, त्यांच्यासोबत बसून व्हिडिओ बघा आणि मग त्यांना फोनवाला व्हायला सांगा. खरंच. संघात आम्ही हे केलं, एका आजोबांनी चोराची भूमिका केली आणि शेजारच्या आजींकडून पिन काढायचा प्रयत्न केला, आजींनी "शाखेत येते" म्हणून फोन ठेवला, आणि मग आजोबा स्वतःच म्हणाले की समोरच्याने ठेवून दिला की काहीच करता येत नाही राव.

आणि एक गोष्ट आजच सांगून ठेवा, कितीही पैसे गेले तरी आधी मला फोन कर, मी रागावणार नाही. मावशी साडेपाच ते सात गप्प बसली ती माझ्या बोलण्याच्या भीतीने. व्हिडिओत शेवटी काकूंचा मुलगा हेच वाक्य बोलतो, त्याच्या आधी आणि नंतर काहीही ठेवलेलं नाही.